‘जेन एअर’वरचा निबंध : एकच धागा धर

‘ताई, सयाजी विद्यापीठात एम.ए.ला आहे. “जेन एअर”वर स्त्रीवादी आणि उत्तरवसाहतवादी, दोन्ही अंगांनी लिहायचंय. सुरुवात कुठून करू?’

पैशापासून कर. सत्ताविसाव्या प्रकरणात जेनचा प्रियकर रॉचेस्टर स्वतः सांगतो की त्याने घरात कोंडून ठेवलेल्या बायकोचे, बर्थाचे, वडील मेसन हे वेस्ट इंडीजमधले मळेवाले व्यापारी होते आणि लग्नात तीस हजार पौंड मिळायचे होते. आता जेनकडे बघ. तिला वीस हजार पौंड वारशाने देणारा काका मदेरात व्यापार करायचा, आणि मेसनशी त्याचे व्यापारी संबंध होते. स्त्रीवादी वाचनाला जे स्वावलंबन एवढं मोलाचं वाटतं, त्याची रक्कम वसाहतींच्या व्यापारातून आली आहे. हे दाखवलंस की दोन्ही दृष्टिकोन एकाच पुराव्यावर भिडतात. अर्धा निबंध हा, अर्धा तो, असे तुकडे पडत नाहीत.

स्त्रीवादी समीक्षक गिल्बर्ट आणि गुबार (१९७९) बर्थाला जेनच्या दडपलेल्या रागाचं रूप मानतात. उत्तरवसाहतवादी समीक्षक गायत्री स्पिवाक यांचा १९८५चा लेख विचारतो, जेनची व्यक्ती म्हणून घडण होताना बर्थाचं काय होतं? मला दुसरा प्रश्न जास्त खोल वाटतो, कारण बर्थाची कहाणी आपल्याला मुख्यतः तिला कोंडणाऱ्या नवऱ्याकडूनच कळते.

एक जपायचं: बर्थाला गुलाम म्हणू नकोस. ती मळेवाल्याची मुलगी आहे; तिच्या हुंड्यामागे ज्यांचे कष्ट असणार, ती माणसं कादंबरीत दिसतच नाहीत. ही गैरहजेरीही निबंधात घे.