कोणतं कथानक कोणत्या मोहिमेचं?

मीनल: महिला मंडळाच्या अंकासाठी तक्ता करतेय. ‘हम लोग’ म्हणजे साक्षरता, ‘तिनका तिनका सुख’ म्हणजे हुंडा, ‘बालिका वधू’ म्हणजे बालविवाह. जोड्या बरोबर आहेत का? आणि कथानकामागे खरंच मोहीम होती की नुसता विषय, हे कसं ताडून पाहायचं?

सुधाकर: ‘हम लोग’ची जोडी चुकली. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा ती कुटुंबनियोजनासाठीच होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून असे विषय मांडले होते, तोच आराखडा इथे आणला गेला. पण पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका ठासून भरला होता की लोक कंटाळले. मग मनोहर श्याम जोशींच्या लेखणीनं वळण घेतलं: कुटुंबनियोजन मागे पडलं आणि बायकांचं घरातलं स्थान, घरातला एकोपा, राष्ट्रीय एकात्मता हे विषय पुढे आले. भाग एकूण १५६. त्यामुळे तक्त्यात मालिकेपुढे एक शब्द लिहून भागणार नाही. कोणत्या भागापासून कोणता विषय, ते लिहावं लागेल.

राजेश: मला हे पटत नाही. ‘हम लोग’ची प्रायोजक मॅगी होती. पैसा नूडल्सवाल्यांचा, मग मोहीम कसली? पैसे कुणी दिले ते बघा, जोडी आपोआप कळेल. ‘तिनका तिनका’ही दूरदर्शनचीच, तिथंही हेच असणार.

सुधाकर: राजेशराव, ‘तिनका तिनका सुख’ आकाशवाणीची श्राव्यमालिका, १९९६-९७ ची, १०४ भागांची. मॅगीचं म्हणणं मात्र खरं. म्हणूनच नुसता पैसा बघून चालत नाही: प्रायोजक नूडल्सचा आणि हेतू सरकारचा, असं एकाच मालिकेत झालं. मी दुसरं बघतो. भाग संपल्यावर माणसाला काय करायला सांगितलं, आणि ते करायला तो जाणार कुठे? ‘हम लोग’च्या शेवटी अशोककुमार येऊन त्या भागातला बोध समजावत. साबिदोंची १९७५-७६ ची ‘वेन कोनमिगो’ त्याच्याही पुढे गेली. प्रौढ शिक्षणाची पुस्तिका फुकट कुठे मिळते ते पात्रानंच कथेत दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिको शहरातल्या त्या ठिकाणी हजारोंची झुंबड उडाली. कथेतला पत्ता खरा असेल, तिथं पुस्तिका ठेवलेल्या असतील, तर ती मोहिमेची जोडी. ‘बालिका वधू’त विषय बालविवाहाचा होता, पण मला तरी तसा पत्ता दिसला नाही. तक्त्यात तिला वेगळ्या रकान्यात टाका.

शैलजा: आमच्या घरचं सांगते. ‘हम लोग’मधली भागवंती आठवते का, नवऱ्याचं बोलणं मुकाट्यानं ऐकणारी? असं सोसू नये, हे दाखवायला ती उभी केली होती म्हणे. आमच्या सासूबाई पदर डोळ्यांना लावून मला म्हणायच्या, “बघ, बाई असावी तर अशी.” मी भाकरी थापत होते. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

सुधाकर: शैलजाताई, हे तुमच्या एकट्या घरचं नाही. नंतर प्रेक्षकांची पाहणी झाली, दिल्ली आणि मद्राससोबत आपल्या पुण्याकडेही. भागवंतीलाच आदर्श मानणारे पुष्कळ निघाले, त्यांत बायकाच जास्त. लेखकाला काय म्हणायचं होतं आणि लोकांनी काय घेतलं, हे वेगळे रकाने हवेत.

राजेश: मग ‘तिनका तिनका’ही तपासा. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावानं १८४ जणांच्या सह्या-अंगठ्यांचं पत्र आकाशवाणीला पाठवलं, हुंडा देणार नाही, घेणार नाही म्हणून. सगळे त्याचाच दाखला देतात. सह्या म्हणजे हुंडा थांबला का? माझ्या चुलतभावाच्या लग्नात व्यासपीठावर हुंडाविरोधी शपथ झाली आणि आत मागच्या खोलीत फ्रिजची पावती दाखवली गेली. मी तिथंच होतो.

सुधाकर: तुमची शंका रास्त आहे. पत्रात गावकऱ्यांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलंय, लग्नांची मोजणी नाही. पण त्यामागचं कथानक नेमकं सापडतं. पूनम नावाची नवी सून, हुंडा कमी म्हणून छळ, वर चारित्र्यावर खोटा आळ, शेवटी आत्महत्या. ते ऐकून गाव हललं. गावातल्या एका शिंप्यानं पुढाकार घेतला, लोक एकत्र बसून ऐकत आणि बोलत. पुढे संशोधक गावात गेले तेव्हा त्यांना बदल दिसला तसा विरोधाभासही दिसला. त्यामुळे ‘पूनमच्या कथेनंतर गावात चर्चा आणि शपथ’ एवढं तक्त्यात ठामपणे लिहिता येईल. ‘हुंडा बंद’ नाही.

राजेश: आणि शपथेनंतरच्या लग्नांचं?

शैलजा: ते सह्या करणाऱ्यांच्या लेकींना विचारावं लागेल, पुरुषांना नाही.

मीनल: अंक छापायला चार दिवस आहेत. ‘हम लोग’साठी दोन ओळी केल्या, तेराव्या भागापर्यंत आणि त्यानंतर. भागवंतीचा रकाना शैलजाताईंच्या सासूबाईंपासूनच सुरू करते. ताई, नाव घालू की नको?

शैलजा: नाव नको. भाकरीचं तेवढं राहू दे.