मदत हवी आहे: दिवाळी फॅमिली फोटो मिनी-सेशनच्या बुकिंगचा मजकूर

सांगलीचा_स्टुडिओ: स्टेटसला टाकलंय "दिवाळी स्पेशल फॅमिली मिनी-सेशन! आकर्षक दर, मर्यादित स्लॉट, त्वरा करा". मेसेज ढीगभर येतायत पण सगळे "रेट?" विचारून गायब, बुकिंग शून्य. कोणीतरी नीट मजकूर सुचवा, आजच टाकायचाय.

मेधा_के: रेट किती, माणसं किती, फोटो किती, मिळणार कधी? काहीच लिहिलं नाही तर विचारणारच ना लोक.

सांगलीचा_स्टुडिओ: 1,999. 20 मिनिटं. बाकी नेहमीसारखंच.

मेधा_के: नेहमीसारखं म्हणजे काय ते तुम्हाला माहिती, आम्हाला नाही.

अण्णा_फोटोवाले: रेट लिहूच नका, फोन करायला लावा. बोलण्यात आलेलं गिऱ्हाईक सुटत नाही. लग्नाच्या ऑर्डरी मी अशाच घेतो.

जुई_क्लिक्स: अण्णा, लग्नाचं पॅकेज बसून ठरतं. दोन हजाराच्या कामाला प्रत्येकाशी पंधरा मिनिटं फोनवर कोण बोलणार? दादा, तारखा कुठल्या? आणि एडिटिंग कोण करतं?

सांगलीचा_स्टुडिओ: दसऱ्यानंतरचे दोन शनिवार-रविवार, सकाळी 10 ते 1. एडिटिंग मी एकटाच. 8 फोटो देतो.

जुई_क्लिक्स: मग शूट 20 मिनिटांचं असलं तरी स्लॉट अर्ध्या तासाचा धरा. पोराचा झब्बा बदला, आजींना खुर्चीत बसवा, यातच दहा मिनिटं जातात. म्हणजे सकाळी 6 कुटुंबं, चार दिवसांत 24. त्यांचे 192 फोटो एकट्याने धनत्रयोदशीच्या आत एडिट करून द्यायचेत, त्यामुळे संध्याकाळचे स्लॉट वाढवू नका. आणि "मर्यादित" काढून 24 आकडाच लिहा, रोज किती उरले ते खरं खरं टाका. असं लिहून बघा:

"दिवाळी फॅमिली फोटो, ₹1,999. 6 जणांपर्यंत, 20 मिनिटं, एडिट केलेले 8 फोटो धनत्रयोदशीच्या आत मोबाइलवर. सातव्या माणसापासून प्रत्येकी ₹150. प्रिंट आणि फ्रेमचे पैसे वेगळे. एकूण 24 स्लॉट. ₹500 अ‍ॅडव्हान्स आला की वेळ पक्की. उशीर झाला तर तेवढी मिनिटं कमी होतील."

खाली तारखा आणि पत्ता टाका. "1,999 पासून पुढे" असलं काही लिहू नका, त्या "पासून"मुळेच फोन येतात.

कोथरूडकर_77: पुण्यात कोण करतं असं? आम्ही 11 जण आणि एक कुत्रा.

अण्णा_फोटोवाले: आणि सुतक आलं तर अ‍ॅडव्हान्सचं काय?

जुई_क्लिक्स: मी तारीख बदलून देते, पैसे परत नाही.

मेधा_के: सुतकात दिवाळीच करत नाहीत, तारीख बदलून काय उपयोग? परतच द्यायला हवेत.

सांगलीचा_स्टुडिओ: टाकला मजकूर, दोघांचे अ‍ॅडव्हान्स आले पण! सुतकाचं घरी विचारून ठरवतो. आता एकजण म्हणतोय एडिट न केलेले सगळे फोटोपण पाहिजेत, काय सांगू त्याला?