मदत हवी आहे: याद्या न दाखवता सामाईक रुग्ण मोजताना एक फट राहतेय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. टीबीचे किती रुग्ण आमच्याकडे आणि शेजारच्या हॉस्पिटलातही नोंदले गेलेत, एवढा एकच आकडा हवाय.

आधी मोबाइल नंबरांचे हॅश अदलाबदल करणार होतो. पण दहा अंकी नंबर फार तर हजार कोटी. सगळ्यांचे हॅश काढून ताडून बघणं सहज जमतं. तो नाद सोडला.

आता प्रत्येक नंबर `x` च्या हॅशवर, म्हणजे `H(x)` वर, आम्ही आमची गुप्त किल्ली `a` घातांक म्हणून चढवून पाठवतो. शेजारचे हॉस्पिटलवाले त्यावर स्वतःची गुप्त किल्ली `b` चढवतात आणि क्रम पिसून परत देतात. (पिसलं नाही तर कोण जुळलं तेही कळतं.) त्यांची यादी `b` चढवून येते, तिच्यावर आम्ही `a` चढवतो. `H(x)^(ab)` जुळले की सामाईक.

काल खोट्या नावांवर चाचणी घेतली. 412 जणांत 37 जुळले. एक नाव काढून पुन्हा चालवलं, तर 36! म्हणजे तो एक जण त्यांच्याकडे आहे हे उघडच झालं. किल्ल्या दर वेळी बदलूनही हे टळत नाही.

फेऱ्यांवर मर्यादा घालावी, की आकड्यात थोडी यादृच्छिक भर टाकावी? पण आकडा आमच्याकडेच निघतो, मग भर त्यांनी कुठल्या टप्प्यावर टाकायची? कोणी प्रत्यक्ष केलंय का?