मदत हवी आहे: फारसीत शोकसंदेश, तातडीने

सांजवारा: सहकाऱ्याची आई गेली. दोन-तीन ओळी फारसीत हव्यात, संयम आणि आठवण यांचे रूढ शब्द असलेल्या. देवनागरीत द्या, उर्दू लिपी येते मला, टंकून घेईन. आजच पाठवायचंय.

पिंपळपान: सहकारी इराणी की अफगाण? मेल की व्हॉट्सॲप? घरचे धार्मिक आहेत का?

सांजवारा: तेहरानचा. मेल. धर्माचं माहीत नाही.

मोगरा७: पारशी घरात पांढरे कपडे घालून जातात. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणं असतं, त्याला जा.

पिंपळपान: मोगरा, प्रश्न फारसीचा आहे, पारशांचा नाही. सांजवारा, हे घ्या:

दरगोजश्ते मादरे अजीजेतान रा समीमाने तस्लीयत अर्ज मीकोनम. बराये शोमा व खानेवादेये मोहतरम सब्र व शकीबाई आरेजूमंदम. रूहेशान शाद व यादेशान गेरामी.

शेवटच्या ओळीत 'रूहश, यादश' असंही लिहितात, पण सहकाऱ्याच्या आईसाठी आदरार्थी 'शान' ठेवा. देवाचं नाव मुद्दाम टाळलंय, म्हणजे घर कसंही असलं तरी चालेल.

खडीसाखर: फार कोरडं वाटतं. 'खोदा रहमतेशान कोनद' हवंच. आणि 'तस्लीयत' कशाला, 'ताजियत' लिहा, तोच खरा शब्द.

पिंपळपान: ताजियत उर्दूत ठीक. तेहरानच्या माणसाला मेलमध्ये तस्लीयतच सहज वाटेल. रहमतची ओळ चुकीची नाही, घर श्रद्धाळू असल्याची खात्री असेल तर घाला.

खडीसाखर: मग 'गमे आखरेतान बाशद' तरी? हे दुःख शेवटचं ठरो, असं सगळे म्हणतात.

पिंपळपान: म्हणतात, भेटल्यावर किंवा फोनवर. औपचारिक मेलमध्ये मी नाही घालणार.

खडीसाखर: मी घालेन. जवळीक दिसते.

पिंपळपान: सांजवारा, टंकताना कळफलक फारसी निवडा. उर्दूच्या सवयीने 'बराये' बडी ये लावून लिहाल. फारसीत तिथे छोटी ये येते, हम्जाही नाही. 'समीमाने'च्या शेवटचा 'हे' उर्दू कळफलकावरून वेगळ्या अक्षराचा पडतो, शब्द तिथेच परका दिसतो.

सांजवारा: आभार. खाली टीममधल्या सगळ्यांची नावं घालतोय.

पिंपळपान: मग क्रियापदं बदला! 'मीकोनम'चं 'मीकोनीम', 'आरेजूमंदम'चं 'आरेजूमंदीम'. नाहीतर खाली सगळ्यांची नावं आणि वर 'मी'. विषयाच्या ओळीत नुसतं 'तस्लीयत' पुरे. उत्तरात 'खोदा रफ्तेगाने शोमा रा बियामोर्जद' आलं तर गोंधळू नका, तुमच्या घरच्या गेलेल्यांसाठीची ती प्रार्थना असते.

मोगरा७: चाळीसाव्या दिवशी परत काही लिहायचं असतं का?

पिंपळपान: चेहेलोमला, म्हणजे चाळीसाव्याला, कार्यक्रम होतो. त्या दिवशी 'यादेशान गेरामी' एवढी एक ओळ पाठवली तरी चालते.