'50 टक्के जास्त' म्हणजे नक्की किती टक्के सूट?

शंकेखोर
एकाच शाम्पूच्या दोन ऑफर होत्या. एकीत 400 मिलीच्या किमतीत 600 मिली, वर ठळक अक्षरांत '50 टक्के जास्त'. दुसरीत 400 मिलीवर 40 टक्के सूट. 50 हे 40 पेक्षा मोठं म्हणून मी पहिली उचलली, तर बहीण अजून हसतेय. नक्की कोण चुकलं? आणि 'एकावर एक मोफत' याच मापाने किती टक्के होतं?

मागचा बाक
तुम्हीच बरोबर. एकावर एक मोफत म्हणजे सरळसरळ 50 टक्के सूट, यात वाद नाही. तसंच 50 टक्के जास्त म्हणजेही 50. माल वाढला काय नि पैसे कमी झाले काय, खिशाला एकच.

तराजू
एकावर एकचं बरोबर, 50 टक्के जास्तचं साफ चूक. बहिणीला हसू द्या.

बाटलीची किंमत 300 धरू. मूळ बाटलीत 100 मिली 75 ला पडतं. 600 मिलीची बाटली 300 लाच मिळाली की 100 मिली 50 ला पडलं. 75 चे 50 झाले म्हणजे तिसरा हिस्सा कमी झाला, 33.3 टक्के. आता दुसरी ऑफर. 300 वर 40 टक्के सूट म्हणजे 180 ला 400 मिली, 100 मिलीमागे 45. स्वस्त हीच.

गोंधळ होतो तो शंभर कशाला धरले यात. सूट मोजताना मूळ किंमत शंभर धरतात, जास्तीचा माल मोजताना जुनं माप शंभर धरतात. पण पैसे तुम्ही नव्या, वाढलेल्या मापाचे दिलेले असतात. म्हणून फुकटच्या मालाला एकूण हातात आलेल्या मालाने भागायचं. 200 भागिले 600, झालं. एकावर एक मोफतमध्ये दोनातला एक फुकट, म्हणून 50. दोनावर एक मोफत म्हणजे तिनातला एक, म्हणजे पुन्हा 33.3. तुमची '50 टक्के जास्त'वाली बाटली आणि 'दोनावर एक' ही एकच ऑफर आहे, फक्त कपडे वेगळे.

मागचा बाक
मान्य. पण मग 50 टक्के जास्त माल देणाऱ्याला तेवढ्याच फायद्याची सरळ सूट द्यायला काय होतं?

तराजू
सूट 33 टक्के दिली तर पाटीवर 33 लिहावं लागतं. तोच फायदा मालात दिला की 50 लिहिता येतं. 2012 साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये हाताला लावायच्या लोशनवर अशीच तुलना छापून आली होती, 50 टक्के जास्त माल विरुद्ध 35 टक्के सूट. सूट किंचित जास्तच फायद्याची होती, तरी लोक जास्तीच्या मालाकडे वळले. शंकेखोर एकटे नाहीत.

काटकसर
हा सगळा हिशोब कागदावरचा आहे. मला एकच हवं असताना दोन घेतले तर सूट शून्य टक्के, कारण मी पूर्ण किंमत मोजली. दुसरी बाटली बाथरूमच्या कपाटात वर्षभर पडून राहते, मग घट्ट होते, मग टाकतो. 50 टक्के कुठे दिसले तुम्हाला?

तराजू
शून्य तेव्हाच, जेव्हा दुसरी अजिबात वापरली जात नाही. अर्धी वापरली तर दीड बाटली एका किमतीत पडली, म्हणजे तेच 33.3. तुमच्या कपाटासाठी हिशोब असा. एका बाटलीवर 40 टक्के सूट आणि एकावर एक मोफत यांत निवडायचं असेल, तर दुसऱ्या बाटलीचे दोन तृतीयांश तरी संपायला हवेत. तेवढे संपले की दर बरोबरीत येतो, त्याहून कमी वापर होणार असेल तर सूटवाली एक बाटली घ्या.

काटकसर
दर बरोबरीत येईल, पण पैसे मी आज दीडपटीहून जास्त काढले ना? 60 ऐवजी 100. महिना ओढाताणीचा असेल तर मला दर 100 मिलीमागे किती पडलं याने काय होतं?

तराजू
तो मुद्दा खराच आहे आणि त्याला टक्क्यांत बसवता येत नाही. मी फक्त दराचं बोलतोय.

नवा सदरा
माझी केस ऐका. एकावर एकमध्ये दोन सदरे घेतले, एक 800 चा, एक 500 चा. 500 चा मोफत. घरी आल्यावर 800 चा घट्ट झाला, परत केला, तर हातावर 492 टेकवले! मी पैसे 800 चेच दिले होते, मोफतचा तर माझ्याकडेच राहिला. हा अन्याय नाही का?

तराजू
हे विषयाला जोडूनच आहे. तुम्ही 1300 चा माल 800 ला घेतला, म्हणजे 500 भागिले 1300, साधारण 38.5 टक्के सूट. वस्तू वेगवेगळ्या किमतीच्या असल्या आणि स्वस्तातली मोफत असली की 50 कधीच येत नाही. बिलात ही 38.5 टक्के सूट दोन्ही सदऱ्यांवर वाटली असणार. 800 वर लावली की 492 उरतात आणि तुमच्याकडचा 500 चा सदरा 308 ला पडला. गणित चोख आहे. न्याय आहे की नाही ते तुम्ही आणि दुकानदार पाहा.

नवा सदरा
तरी 'मोफत' लिहिलं होतं हो. मोफतचे 308 कसे लागतात?

मोठा डबा
सगळे दरच मोजताय. आमच्याकडे मोठी बाटली आली की हात सैल होतो. 400 मिली चाळीस दिवस जायचं, दिवसाला 10. 600 ची आणली तेव्हा पन्नास दिवसांत तळ दिसला, दिवसाला 12. 33 टक्के सूट कागदावर, घरात किती?

तराजू
छान पकडलंत. आधी 300 भागिले 40, रोजचे साडेसात. नंतर 300 भागिले 50, रोजचे 6. म्हणजे बचत 20 टक्के. शंकेखोरांची 40 टक्केवाली बाटली असती तर 180 भागिले 40, रोजचे साडेचार.

काटकसर
पण सूटवाली बाटली स्वस्त पडली म्हणून तिलाही हात सैल सुटणार नाही कशावरून?

मोठा डबा
सुटत नाही. बाटली तेवढीच दिसते ना, डोळा तळ मोजत असतो.

काटकसर
तुमचा मोजत असेल.

शंकेखोर
बहिणीला 33.3 सांगितलं. ती म्हणते मागच्या खेपेला तिने आणलेल्या '25 टक्के जास्त'चंही काढ. 25 भागिले 125, म्हणजे 20, बरोबर?

तराजू
बरोबर, जर ते 25 जुन्या मापावरचे असतील. बाटलीवर '150 अधिक 50 मोफत' असं काही असेल तर टक्क्यांकडे पाहूच नका, सरळ 50 भागिले 200 करा. आणि जमलं तर शेजारच्या मोठ्या साध्या पॅकचा दर काढून बघा, कधीकधी ऑफरवाल्यापेक्षा तोच कमी निघतो.