उत्तर: इंटिग्रलच्या मध्यमूल्य प्रमेयातली सरासरी आणि तो c

> सरासरी म्हणजे कमाल अधिक किमान भागिले दोनच ना? आणि c एकच असतो का?

दोन्हींना नाही. परभणीचा मे महिना घ्या. सकाळी ८ ते रात्री ८ तापमान सोयीसाठी T(t) = 26 + 16 sin(πt/12) धरू, t म्हणजे ८ नंतरचे तास. किमान २६, दुपारी २ ला कमाल ४२, त्यांचा मध्य ३४. खरी सरासरी मात्र इंटिग्रल भागिले १२ तास:

(1/12) ∫₀¹² T dt = 26 + 32/π ≈ 36.2

दोन अंशांनी जास्त, कारण पारा माथ्याजवळ बराच वेळ रेंगाळतो आणि २६ च्या आसपास जेमतेम टिकतो. (४२ ला कोण टिकतं, हा प्रश्न वेगळा!)

आता c, म्हणजे ज्या क्षणी तापमान नेमकं सरासरीइतकं असतं तो क्षण. sin(πc/12) = 2/π सोडवलं की c ≈ 2.64 आणि 9.36, म्हणजे सकाळी साधारण १०:३८ आणि संध्याकाळी ५:२२. चढताना एकदा, उतरताना एकदा. प्रमेय 'फंक्शन कंटिन्युअस असेल तर असा c किमान एक' एवढंच सांगतं.

ते का खरं आहे? सरासरी किमान आणि कमाल यांच्या बाहेर जाऊच शकत नाही, आणि कंटिन्युअस फंक्शन मधली कुठलीही किंमत गाळत नाही.

कंटिन्युइटी गेली की हमीही जाते. शेतातली मोटर सहा तासांपैकी तीन तास मिनिटाला ३०० लिटर देते, मग लाईट जाते आणि उरलेले तीन तास शून्य. सरासरी १५०, पण १५० चा प्रवाह एका क्षणालाही नव्हता. परीक्षेत c शोधत बसण्याआधी तुटक फंक्शन तर दिलेलं नाही ना, तेवढं बघा.