ऑनलाइनच ओळख झालेल्या बायरला पहिल्या मेलमध्ये काय म्हणायचं: नाव, आडनाव की सर?

निफाडची_बाग: आमचं पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, यंदा थेट हॉलंडच्या इम्पोर्टरशी बोलणं सुरू झालंय. भेट झालेली नाही, फोनही नाही, फक्त त्यांची एन्क्वायरी आलीय, खाली सही J.P.M. van den Berg. आता उत्तरात डिअर सर लिहू, मिस्टर बर्ग लिहू की सरळ नाव? आणि नाव तर त्यात दिसतच नाहीये.

गंगापूररोड_डेव्ह: सर अजिबात नको. डच लोक नावानेच बोलतात, माझे तिकडचे क्लायंट दुसऱ्या मेललाच नावावर येतात, मोठ्या पोस्टवरचेसुद्धा. तुम्ही सर सर करत बसलात की समोरच्याला वाटतं हा निर्णय घेणारा माणूस नाही, कुणीतरी कारकून आहे, आणि मग भावाची बोलणी तशीच होतात. लिंक्डइनवर नाव शोधा आणि बिनधास्त हाय लिहा.

सातपूर_काका: मला नाही पटत हे. आपण माल विकतोय, तो घेणारा. गिऱ्हाईकाला मान द्यायचा, डिअर सर लिहिल्याने कुणाचं काही बिघडलेलं मी तरी पाहिलं नाही. इतकी वर्षं जॉबवर्कच्या सगळ्या कोटेशनवर हेच लिहितोय.

किरण_अंबड: काका, बिघडतं. मी अंबडला एका कंपनीत परचेसला आहे, नाव किरण, बाई आहे. रोज मेल येतात, रिस्पेक्टेड सर, डिअर किरण सर. मग तोच माणूस फोन करतो, माझा आवाज ऐकतो आणि विचारतो, किरण सरांना द्या ना. मी म्हणते मीच किरण, की समोर एकदम शांतता, आणि पुढचं सगळं बोलणं अवघडून. म्हणून माझं मत, खात्री नसेल तर सर नाही, मिस्टर नाही, सहीत असेल ते पूर्ण नाव जसंच्या तसं लिहायचं. आणि बाई आहे हे माहीत असेल तर Ms, लग्न झालंय की नाही याच्याशी मालाचा काय संबंध.

एक्स्पोर्ट_डेस्क: किरणताईंचं बरोबर आहे आणि या केसला तर तेच लागू पडतं. निफाडदादा, त्या सहीत तीन आद्याक्षरं आहेत ना, त्यावरून काहीच ठरवू नका. डच लोकांची कागदावरची नावं वेगळी आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं, कागदावर योहानेस असलेला माणूस रोजच्या बोलण्यात हान्स असू शकतो. बाई की पुरुष तेही आद्याक्षरांवरून कळत नाही. आणि मिस्टर बर्ग तर चूकच, आडनाव पूर्ण व्हान डेन बर्ग आहे, त्यातला एक तुकडा तोडायचा नाही. बारीक गोष्ट सांगतो, हॉलंडमध्ये पुढे नाव किंवा आद्याक्षर असेल तर v लहान, नुसतं आडनाव असेल तर V मोठा. म्हणजे आत्ता लिहायचं

Dear J.P.M. van den Berg,

आणि पुरुष आहे हे कळलं की

Dear Mr Van den Berg,

बेल्जियममध्ये हा नियम नाही, तिथे ज्याचं जसं नोंदलेलं असेल तसंच लिहितात, बहुतेकदा V मोठाच. त्यामुळे सहीवरून कॉपी करणं सगळ्यात सेफ.

गंगापूररोड_डेव्ह: पण असं पूर्ण नाव टाकलेलं मेल बघितलं की मला तरी पहिलं वाटतं हे मशीनने एक्सेलमधून उचलून हजार जणांना पाठवलंय. मी तर न वाचता डिलीट मारतो.

एक्स्पोर्ट_डेस्क: हा मुद्दा खरा आहे, पण त्यावर इलाज नाव बदलणं नाही, पुढची ओळ आहे. पहिल्याच वाक्यात त्यांच्या एन्क्वायरीतली गोष्ट घ्या, म्हणजे तुम्ही विचारलेले थॉमसनचे ५०० ग्रॅमचे पनेट, अमुक आठवड्याचं लोडिंग. ते वाचलं की बल्क मेल आहे असं कुणी म्हणणार नाही. आणि खरी खूण त्यांच्या उत्तरात असते. वर तुम्हाला काय म्हटलंय ते नको बघू, खाली सही कशी केलीय ते बघा. ऑटोमॅटिक सहीच्या वर त्यांनी हाताने नुसतं यान टाइप केलं असेल तर ती परवानगी, पुढच्या मेलपासून डिअर यान. पूर्ण नावच ठेवलं असेल तर तुम्हीही आडनावावर थांबा.

गंगापूररोड_डेव्ह: ओके, म्हणजे नावावरच जायचंय शेवटी, मी तेच म्हणत होतो 🙂

एक्स्पोर्ट_डेस्क: हॉलंडपुरतं हो. जर्मनीत हेच केलंत तर खटकेल, तिथे Mr किंवा Ms आणि आडनावावर वर्षानुवर्षं व्यवहार चालतो, डॉक्टरेट असेल तर डॉक्टर लावायचंच, आणि नावावर यायचं का ते सहसा वयाने किंवा पदाने मोठा असलेला सुचवतो. जपानी माणूस असेल तर आडनाव आणि पुढे सान, त्यात बाई पुरुष हा प्रश्नच येत नाही. फक्त आडनाव कोणतं ते बघा, २०२० पासून जपान सरकारने स्वतःच्या इंग्रजी कागदपत्रांत आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण कंपन्यांमध्ये दोन्ही पद्धती दिसतात, म्हणून काही जण आडनाव कॅपिटलमध्ये देतात.

वणी_ट्रेडर्स: भाऊ एलसीवर नाव चुकलं तर बँक कागद परत पाठवते, स्पेलिंग एकेक अक्षर जुळवा, आमचं एकदा पेमेंट लटकलं होतं.

निफाडची_बाग: दादा ते वेगळं, तिथे कंपनीचं नाव जसंच्या तसं टाकतोच आम्ही. मी मेलच्या सुरुवातीचं विचारत होतो.

सातपूर_काका: बरं, परदेशाचं मान्य. पण कोइंबतूरच्या पंपवाल्याला मी मिस्टर के लिहिलं तर त्याचा माणूस फोनवर म्हणाला तसं नाही म्हणायचं. सहीत के. सेंथिल होतं, मग आडनाव कुठलं?

एक्स्पोर्ट_डेस्क: आडनाव नाहीच काका. तमिळनाडूत पुढचं अक्षर बहुतेकदा वडिलांच्या नावाचं असतं, माणसाचं नाव सेंथिल. मिस्टर सेंथिल हेच बरोबर, तिथे नाव वापरलं म्हणून सलगी होत नाही.
आणि हाच घोळ आपल्याकडून उलटा होतो हे लक्षात घ्या. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, तसंच मेल आयडीला आणि सहीत टाकायची सवय लागते. समजा शिंदे संदीप रामदास अशी सही आहे, तर डच माणूस पहिला शब्द नाव धरून डिअर शिंदे लिहिणार किंवा शेवटचा शब्द आडनाव धरून मिस्टर रामदास, म्हणजे वडिलांनाच पत्र. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने असतात तसं करा, वडिलांचं नाव काढा आणि लिहा

Sandeep SHINDE (Mr)

किरणताईंनी तर कंसात Ms टाकायलाच हवं.

किरण_अंबड: टाकते, तरी सर येतंच. पण दुसरं म्हणजे मला ते टाकायची सक्ती वाटू नये असंही वाटतं. मी बाई आहे हे माल मागवताना जाहीर का करायचं? पूर्ण नाव लिहायची पद्धत पडली तर गरजच उरणार नाही.

सातपूर_काका: ताई, मग मराठीत काय करायचं? आपल्या माणसाला नुसतं किरण कुलकर्णी, नमस्कार असं लिहिलं तर कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटेल. आपल्याकडे साहेब किंवा मॅडम लागतंच.

किरण_अंबड: काका नुसतं नमस्कार लिहा की, पुढे काही नको. मला चालतं.

सातपूर_काका: तुम्हाला चालेल, आमच्या सिन्नरच्या गिऱ्हाईकाला नाही चालणार.

निफाडची_बाग: आद्याक्षरांसकट पूर्ण नाव टाकून मेल पाठवलं, v लहानच ठेवला, सहीत माझंही आडनाव मागे नेलं. तासाभरात उत्तर आलं पण मेलवर नाही, व्हॉट्सअॅपवर, Hi Sandeep, आणि खाली नुसतं JP. आता याला डिअर जेपी म्हणू?

गंगापूररोड_डेव्ह: हाय जेपी. लगेच.

एक्स्पोर्ट_डेस्क: व्हॉट्सअॅपवर हो. पण कोटेशनचं मेल जाईल, त्यात त्यांचा अकाउंट्सवाला आणि क्वालिटीवाला सीसीत असतील, तिथे मी अजून एक फेरी आडनावावरच राहीन.

गंगापूररोड_डेव्ह: एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन नावं, मला हे विचित्रच वाटतं.